कागदी अंगरख्यातला फिर्यादी

रमजानचे दिवस. दिल्लीतल्या एका हवेलीच्या अंधाऱ्या, बुटक्या दाराच्या खोलीत मिर्झा असदुल्ला खान गालिब एका दोस्तासोबत सोंगट्या खेळत बसले होते. तेवढ्यात मुफ्ती सद्रुद्दीन आजुर्दा तिथे आले. मुफ्तीसाहेब शहरातले मोठे आलिम, वर न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि स्वतःही शायर. समोरचा डाव पाहून ते म्हणाले की, रमजानमध्ये सैतानाला जेरबंद केले जाते असे हदीसमध्ये वाचले होते, पण आज त्याबद्दल शंका यायला लागली. मिर्झांनी शांतपणे सांगितले की हदीस अगदी खरी आहे, फक्त सैतान ज्या कोठडीत बंद असतो ती हीच.

हा किस्सा आपल्याला सांगतात ते मौलाना अल्ताफ हुसैन हाली. ते गालिब यांचे शागिर्द, स्वतः नमाज-रोज्याचे पक्के. उस्तादांचे गुणदोष दोन्ही त्यांनी आपल्या ‘यादगारे गालिब’ या 1897 च्या चरित्रात लिहून ठेवले.

रोज्यावर गालिब यांची एक छोटी रचनाही दीवानमध्ये आहे. तिचा आशय असा : ज्याच्या घरी इफ्तारचे सामान आहे त्याने रोजा जरूर ठेवावा; पण रोजा सोडताना ज्याच्या ताटात काहीच नसेल, त्या बिचाऱ्याने रोजाच खाल्ला नाही तर करावे तरी काय? उर्दूत ‘रोजा खाना’ म्हणजे रोजा न ठेवणे, मोडणे. त्या वाक्प्रचारातल्या ‘खाण्या’ला त्यांनी शब्दशः पोटात घातले. हा वाक्प्रचार ठाऊक असलेला वाचक लगेच हसतो. ठाऊक नसलेला शब्दकोश उघडतो, त्याला ‘रोजा’ही मिळतो आणि ‘खाना’ही मिळतो, पण शेर मिळत नाही.

उर्दू शायरी नव्याने वाचू पाहणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते. तळाला कठीण शब्दांचे अर्थ दिलेले दीवान बाजारात मिळतात. वाचक प्रत्येक शब्दाचा अर्थ लावतो, आणि तरीही समोर उरतो तो शब्दांचा ढीग. याला उपाय म्हणजे शरह, अर्थात शेरामागून शेर घेऊन त्याचा भावार्थ उलगडणारा ग्रंथ. उर्दूत सर्वांत जास्त शरह ज्या एका दीवानवर लिहिल्या गेल्या तो गालिब यांचा. गंमत अशी की या दीवानच्या पहिल्या टीकाकारांत खुद्द गालिब आहेत. तेव्हा त्यांचे आयुष्य आज त्याच बाजूने पाहू.

जन्म 27 डिसेंबर 1797, आग्रा. आजोबा समरकंदच्या बाजूने हिंदुस्थानात आलेले शिपाईगडी. मुलगा पाचेक वर्षांचा असताना वडील अब्दुल्ला बेग अलवरच्या चाकरीत लढाईत गेले. काका नसरुल्ला बेग यांनी सांभाळ केला, तेही 1806 मध्ये वारले. काकांच्या नावावर इंग्रजांनी कुटुंबाला जी पेन्शन लावली तिच्यातला गालिब यांचा वाटा होता वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिना साडेबासष्ट. या रकमेने पुढे त्यांना आयुष्यभर दमवले. तेराव्या वर्षी उमराव बेगम यांच्याशी निकाह झाला आणि काही काळाने ते दिल्लीकर झाले.

शायरी मात्र आग्र्यातच सुरू झाली होती, आणि ती साधी नव्हती. कोवळ्या वयात त्यांना फारसीतल्या मिर्झा बेदिल यांचा नाद लागला. बेदिल म्हणजे कल्पनेच्या पोटात कल्पना, तिच्या पोटात आणखी एक. मुलाने तोच कित्ता उर्दूत गिरवला. मुशायऱ्यात लोक तोंडावर थट्टा करीत की हे कलाम एकतर स्वतः मिर्झांना कळत असेल किंवा परवरदिगारला. 1821 मध्ये, म्हणजे पुरती पंचविशीही आलेली नसताना, त्यांच्या उर्दू दीवानची एक सुंदर हस्तलिखित प्रत तयार झाली. ती पुढे भोपाळमध्ये सापडली आणि 1921 मध्ये छापली गेली. हे 1821 साल वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

त्या प्रतीतली पहिलीच गझल पुढे छापील दीवानमध्येही पहिली राहिली. आणि नव्या वाचकाला दारातच ठेच लागते ती तिच्या पहिल्याच शेरात. शेरात एक चित्र आहे. ते चित्र जणू कुणाच्या लेखणीच्या खोडसाळपणाविरुद्ध फिर्याद मांडते आहे, कारण प्रत्येक चित्राच्या अंगावर कागदी वस्त्र आहे. शब्द सगळे समजले. पण फिर्यादीचा आणि कागदी कपड्यांचा संबंध काय?

एका चाहत्याने पत्र लिहून हेच विचारले. गालिब यांनी उत्तरात सांगितले की इराणात चाल होती : दाद मागणारा माणूस कागदाचे कपडे घालून हाकिमापुढे जाई. कुणी भरदिवसा मशाल पेटवून जावे, कुणी रक्ताने माखलेले कापड बांबूला टांगून मिरवत न्यावे, त्यातलाच हा प्रकार. एवढे कळले की कुलूप उघडते. चित्र कागदावर काढलेले असते, म्हणून त्याचा पोशाख कागदीच. कागदी पोशाख फिर्यादीचा, म्हणून प्रत्येक चित्र फिर्यादी. आणि तक्रार कशाची? चितारण्यात आल्याची. अस्तित्व हे चित्रासारखे नुसते भासमान असले, तरी तेवढे असणेही दुःखाला पुरेसे आहे, असा अर्थ गालिब यांनी स्वतः त्या पत्रात दिला आहे.

दीवानांची सुरुवात हम्दने, अल्लाहच्या स्तुतीने करण्याची परंपरा होती. हा पहिलाच शेर निर्मात्यापुढे तक्रार ठेवतो, हे त्या काळच्या वाचकाला किती टोचले असेल, ते रिवाज ठाऊक असला तरच कळते.

आता पुढची गंमत. 1900 मध्ये हैदराबादला नज्म तबातबाई यांची पूर्ण दीवानवरची शरह निघाली. हे गृहस्थ अरबी-फारसीचे पंडित. त्यांनी साफ लिहिले की इराणातली अशी चाल आपण कुठे पाहिली नाही, ऐकली नाही, आणि शेर अर्थापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे शायर स्वतः अर्थ सांगून गेला आणि टीकाकाराने तो नाकारला! नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या फारसी कवितेतून कागदी वस्त्राचे दाखले काढून दाखवले, तेव्हा तबातबाईंचा आक्षेप बराच सैल पडला. पण म्हणून त्यांची शरह बाजूला टाकू नये. चुकले तिथे चुकले म्हणणारा टीकाकार ‘वा, वा’ करणाऱ्यापेक्षा जास्त शिकवतो, असे मला अनुभवाने वाटते. नव्या माणसाने एकाच शरहवर विसंबू नये, एवढेच.

मिर्झांच्या चरित्राकडे परत येऊ. पेन्शनच्या वाट्यात आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची खात्री होती. दाद मागायला ते दिल्लीहून निघाले. लखनौ, बांदा, बनारस असे मुक्काम करीत फेब्रुवारी 1828 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. बनारसने त्यांना इतके मोहून टाकले की त्या शहरावर त्यांनी फारसीत मसनवी लिहिली. कलकत्त्यात अर्ज-विनंत्या झाल्या आणि मुशायऱ्यातल्या वादात नवे शत्रूही झाले. पावणेदोन वर्षांनी ते रिकाम्या हाताने परतले. पुढे दावा फेटाळला गेला, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला.

इथे एक मोह होतो आणि तो भल्याभल्यांना झाला आहे. वर्षानुवर्षे अर्ज घेऊन साहेबांच्या दारी उभा राहिलेला हा माणूस, आणि त्याच्या दीवानच्या तोंडाशीच फिर्यादीचा कागदी अंगरखा! किती चपखल! कागदी अर्ज, कागदी कपडे. पण तो शेर 1821 च्या प्रतीत आहे आणि कलकत्त्याचा प्रवास त्यानंतरचा. त्याच गझलेत कैद आणि साखळीचेही चित्र आहे. 1847 मध्ये घरी जुगाराचा अड्डा चालवल्याच्या आरोपावरून गालिब यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि तीन महिन्यांनी सुटका झाली. आजही कुणी तरी भाषणात त्या साखळीचा संबंध या तुरुंगाशी जोडतो. साखळीचे चित्र तुरुंगापेक्षा किमान सव्वीस वर्षांनी जुने आहे. खऱ्या तुरुंगावर त्यांनी जे लिहिले ते फारसीत, वेगळ्या प्रकारच्या दीर्घ कवितेत.

गझलेतली साखळी ही मजनूची साखळी. वेड्याला साखळीने बांधत, आणि आशिक वेडा असतो, म्हणून आशिकाच्या पायात साखळी. गझलेतला पिंजरा हा बुलबुलचा पिंजरा. बुलबुल गुलाबावर आशिक, पारधी त्याला धरतो, बागेत वसंत येतो तेव्हा तो गजाआड असतो. परवाना शमेवर जळतो. हे सगळे शायराच्या आधीपासून ठरलेले आहे, बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखे. घोड्याची चाल खेळाडू ठरवत नाही, तो फक्त डाव रचतो. वाचकाने आधी चाल ओळखायची आणि मग पाहायचे की या डावात शायराने नवे काय केले.

मद्याचेही तसेच. साकी, प्याला, मैखाना, आणि त्यांच्यासमोर फजिती होणारा शेख. रमजानमध्ये गझल वाचताना काही जण यावर अवघडतात. गालिब खरोखरच पीत. हालींनी लिहिले आहे की उमराव बेगम इतक्या परहेजगार की त्यांनी आपली खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवली होती. पण मद्यावरच्या शेरांसाठी उर्दूत ज्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते त्या रियाज खैराबादी यांनी दारूला कधी स्पर्श केला नाही, असे सांगतात. दोघांच्या गझलेतला प्याला एकच आहे. त्या दुनियेत शेख म्हणजे बाहेरचा दिखावा आणि रिंद म्हणजे आतला प्रामाणिकपणा. मशिदीतले इमामसाहेब आणि नाक्यावरचा पिणारा नव्हे.

छापील दीवान 1841 मध्ये दिल्लीत निघाला. त्यात सुमारे अकराशे शेर होते. तरुणपणीचे कितीतरी अवघड शेर मिर्झांनी स्वतः गाळले. दोस्तांच्या, विशेषतः मौलाना फज्ले हक खैराबादी यांच्या सांगण्याचा त्यात वाटा होता, असे हाली म्हणतात. पुढच्या आवृत्त्यांत भर पडत पडत आकडा अठराशेच्या आसपास गेला. 1861 ची दिल्ली आवृत्ती इतकी चुकांनी भरलेली निघाली की मिर्झांनी एक प्रत हाताने दुरुस्त केली, आणि तिच्यावरून 1862 मध्ये कानपूरच्या निजामी प्रेसने दीवान पुन्हा छापला.

1850 मध्ये बहादूरशहा जफर यांनी त्यांना खिताब दिला आणि महिना पन्नास रुपयांवर तैमूर घराण्याचा इतिहास लिहायला बसवले. 1854 मध्ये जौक वारले आणि बादशहाचे उस्ताद म्हणून गालिब यांची वर्णी लागली. घरात मात्र पाळणा टिकला नाही. सात मुले झाली, एकही दीड वर्षाच्या पुढे जगले नाही. ज्याला मुलासारखे वाढवले तो बेगमच्या नात्यातला आरिफ 1852 मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्यासाठी लिहिलेली गझल दीवानमध्ये आहे. ती मात्र खरोखर त्या घटनेचीच आहे, आणि वाचताना ते कळते, कारण तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गेलेल्या माणसाशी बोलणे चालते. एरवी गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, मागच्या शेराचा पुढच्याशी संबंध असेलच असे नाही. ही गोष्ट न कळल्याने कित्येक नवे वाचक दोन शेरांमध्ये कथा शोधत बसतात.

मग 1857 आले. दिल्ली उजाडली, भाऊ यूसुफ त्याच गोंधळात गेले, दरबार संपला, पेन्शन थांबली ती 1860 पर्यंत. दोस्त आणि शागिर्द मारले गेले, पांगले. ज्या मैफलीत शेर ऐकून कुणी अर्थ विचारावा आणि तिथल्या तिथे उत्तर मिळावे, ती मैफलच उरली नाही. उरले टपालखाते. गालिब खाटेवर बसून पत्रे लिहीत राहिले, आणि जे तोंडी विरून गेले असते ते कागदावर आले.

यातले एक उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. शेरात आशय असा होता : आरशाच्या घासणीत अजून एका ‘अलिफ’पलीकडे काही नाही, आणि मी तर कॉलर म्हणजे काय हे कळू लागल्यापासून ती फाडतो आहे. वाचणाऱ्याला काही उमगेना. गालिब यांनी लिहिले की आधी आरसा म्हणजे काय ते समजून घ्या. हा काचेचा आरसा नव्हे, पोलादाचा. काचेला कोण घासून चकाकी देतो? पोलादाचा पत्रा घासायला घेतला की सुरुवातीला त्याच्यावर एक सरळ रेघ उमटते, तिला अलिफ म्हणतात. अलिफ हे अक्षरही तसेच, एक उभी रेघ.

हे हाताशी आले की शेराच्या दोन ओळी एकमेकींना धरतात. गळ्याशी कापड फाडले की उभी चीर पडते, तीही अलिफसारखीच. कॉलर फाडणे हे वेडाचे लक्षण. म्हणजे समज आल्या दिवसापासून मी वेडाचा रियाज करतो आहे, इतकी वर्षे घासतो आहे, आणि मनाच्या आरशावर अजून पहिलीच रेघ आहे. तो स्वच्छ झालेलाच नाही. तिसरे पदरही आहे : मकतबमध्ये मूल पहिल्या दिवशी अलिफ शिकते. हा विद्यार्थी अजून पहिल्या अक्षरावर आहे. काचेचा आरसा डोळ्यांपुढे ठेवून कितीही शब्दार्थ पाहिले तरी यातले काही हाती लागत नाही. गझलेत आरसा भेटला, त्याचा गंज भेटला, त्याची घासणी भेटली, की पोलाद आठवावे.

दुसरा प्रसंग हालींचा. करड्या रंगाची कुमरी ही कबुतराच्या जातीची चिमणी जिवाची पाखरं, सरूच्या झाडावर आशिक मानलेली. आणि बुलबुल गुलाबावर. एका शेरात गालिब यांनी कुमरीला मूठभर राख आणि बुलबुलला रंगांचा पिंजरा म्हटले, आणि मग जळालेल्या काळजाच्या खुणेबद्दल काही विचारले. हालींनी थेट उस्तादांनाच अर्थ विचारला. उत्तर मिळाले की शेरातल्या ‘ऐ’च्या जागी ‘जुज’ वाचा, म्हणजे ‘च्याखेरीज’. अर्थ सरळ झाला : आशिक जळून गेल्यावर मागे राखेखेरीज, रंगाखेरीज काही उरत नाही, उरतो तो फक्त आक्रोश. हालींनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की कुणी विचारलेच तर ‘जुज’च सरळ का लिहिले नाही. पण नेहमीच्या वाटेने जायचे नाही, हा मिर्झांचा स्वभावच होता. शायराची खोड आणि वाचकाची चूक यांत फरक आहे, हे यातून कळते. शेर कळला नाही की दर वेळी दोष आपलाच नसतो.

मराठी माणसाला आणखी एक अडथळा असतो, आणि तो ओळखीच्या शब्दांचा. अनोळखी शब्दाचा अर्थ आपण पाहतो. ओळखीचा तसाच पुढे ढकलतो. ‘तमाशा’ म्हटले की आपल्याला ढोलकी ऐकू येते, गझलेत तो पाहण्यासारखा देखावा किंवा नुसते पाहणे आहे. ‘गरीब’ जुन्या उर्दूत परका, घरापासून दूर असलेला. ‘सौदा’ बाजारातलाही आणि वेडही. शायर बहुधा दोन्ही एकदम वापरतो. ‘हवा’ कधी वारा, कधी वासना. ‘दिमाग’ अनेकदा मिजास. म्हणून तळटीपांत फक्त अवघड शब्द देणारा दीवान आपल्याला पुरत नाही.

उर्दू लिपी येत नसेल त्यांच्यासाठी आपल्या मुंबईतच एक चांगले काम झाले. अली सरदार जाफरी यांनी 1958 मध्ये हिंदुस्तानी बुक ट्रस्टतर्फे दीवान काढला, उर्दू आणि नागरी लिपी समोरासमोर ठेवून, शब्दार्थांसह. सुरुवात तिथून करावी. मग एखादी गझल घेऊन तिच्या शेरांवर हसरत मोहानी यांची त्रोटक शरह ऐकावी किंवा वाचून घ्यावी, त्याच शेरांवर तबातबाई काय म्हणतात ते पाहावे. शम्सुर्रहमान फारुकी यांचे ‘तफहीमे गालिब’ हे 1989 चे पुस्तक निवडक शेरच घेते, पण आधीच्या टीकाकारांचे कुठे बिनसले ते सांगत सांगत जाते. जिथे तिघांचे जमत नाही तिथे थांबावे. बहुतेकदा वाद शब्दार्थाचा नसतो, वस्तूचा किंवा रिवाजाचा असतो.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. ऐकू येईनासे झाले. भेटायला येणारा कागदावर लिहून विचारी. रामपूरच्या नवाबांकडून महिना शंभर रुपये येत. शागिर्दांच्या गझला दुरुस्तीला येतच होत्या. आपली खासगी पत्रे छापावीत ही कल्पना आधी मिर्झांना पसंत नव्हती, नंतर ते तयार झाले. ‘ऊदे हिंदी’ हा पहिला संग्रह 1868 मध्ये आला. 15 फेब्रुवारी 1869 रोजी बल्लीमारानच्या त्या घरात त्यांनी डोळे मिटले. दफन हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याजवळ झाले. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा पत्रांचा दुसरा संग्रह त्या वेळी छापखान्यात होता. तो मार्चमध्ये बाहेर पडला.